बीबीसीच्या खुर्चीत बसलेला ‘टॅक्सीवाला’: गोष्ट किती खरी?

प्रश्न: काका, रविवारी रामबागेत मामांकडे जेवायला गेलो होतो, तिथे वाद झाला. मामा म्हणतात, बीबीसीने एकदा चुकून टॅक्सीवाल्याला तज्ज्ञ समजून लाइव्ह मुलाखतीला बसवलं, त्याने ठोकून उत्तरं दिली आणि नंतर त्याला तिथेच नोकरी मिळाली. ताई म्हणते ती क्लिप ठरवून केलेली आहे, अशी चूक एवढ्या मोठ्या चॅनलमध्ये होऊच शकत नाही. तुम्ही इंदूरच्या न्यूज चॅनलमध्ये पीसीआरमध्ये इतकी वर्षं होतात. खरं काय? आणि असं काही तपासायचं तर कसं?

उत्तर:

मुलाखत खरंच झाली आणि ती ठरवून केलेली नव्हती. पण तो माणूस टॅक्सीवाला नव्हता आणि त्याला नोकरीही मिळाली नाही. म्हणजे मामांच्या गोष्टीचा गाभा खरा आहे, त्याला जोडलेल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. लाइव्ह टीव्हीच्या बहुतेक गाजलेल्या किश्श्यांचं असंच असतं, म्हणून ‘खरं की खोटं’ असा एकच प्रश्न विचारून चालत नाही. गोष्टीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पुरावा मागायचा. इथे तुकडे चार आहेत: मुलाखत झाली का, खुर्चीत कोण होता, ते मुद्दाम केलं का, आणि पुढे काय झालं.

आधी घटना सांगतो. तारीख ८ मे २००६, सोमवार. त्या दिवशी लंडनच्या उच्च न्यायालयात ॲपल कॉर्प्स विरुद्ध ॲपल कॉम्प्युटर या खटल्याचा निकाल लागला. पहिली कंपनी बीटल्सची, दुसरी संगणकवाली. दोघींमध्ये १९९१ साली नाव आणि चिन्ह कोणी कुठे वापरायचं याचा करार झाला होता. संगणक कंपनी ऑनलाइन गाणी विकायला लागली, तेव्हा तो करार मोडला असा बीटल्सच्या कंपनीचा दावा होता. न्यायाधीशांनी संगणक कंपनीच्या बाजूने निकाल दिला. यावर बोलायला बीबीसी न्यूज २४ या वाहिनीने गाय क्यूनी नावाच्या तंत्रज्ञान पत्रकाराला बोलावलं होतं. ते ‘न्यूजवायरलेस’ या संकेतस्थळाचे संपादक होते.

त्याच सकाळी त्याच इमारतीत आणखी एक माणूस वाट पाहत बसला होता. त्याचं नाव गी गोमा. मूळचा काँगोच्या ब्राझाव्हिलचा, फ्रेंच बोलणाऱ्या देशातला. तो बीबीसीच्या आयटी विभागात माहिती तपासून नीट करण्याच्या कामासाठी नोकरीच्या मुलाखतीला आला होता. दोघांच्या पहिल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग अगदी एकच आहे. बीबीसी टेलिव्हिजन सेंटरला एकाहून जास्त स्वागतकक्ष होते. क्यूनी एका ठिकाणी बसले होते आणि त्यांना आणायला निघालेला निर्माता दुसऱ्या ठिकाणी गेला. प्रसारणाला काही मिनिटंच उरली होती. त्याने नाव विचारलं, गोमा उठला, मेकअप झाला, कॉलरला माइक लागला आणि तो कॅमेऱ्यासमोर बसला. हा आपल्या नोकरीच्या मुलाखतीचाच भाग असावा, असं त्याला वाटलं. खरे क्यूनी दुसऱ्या स्वागतकक्षातल्या पडद्याकडे पाहत होते. तिथे त्यांच्या नावाने दुसराच माणूस बोलत होता.

ताई म्हणते अशी चूक होऊच शकत नाही. ज्याने पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, काम केलंय त्याला विचारा. पाहुण्याला आणणारा माणूस वेगळा, माइक लावणारा वेगळा, स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर नाव टाकणारा वेगळा आणि निवेदक आणखी वेगळा. नावाची पट्टी रनडाउन, म्हणजे बुलेटिनमध्ये काय कधी जाणार याची यादी, बनतानाच टाइप होऊन तयार असते, पाहुणा इमारतीत यायच्या आधीच. ग्राफिक्सवाला बटण दाबतो तेव्हा तो खुर्चीतल्या माणसाचा चेहरा आणि नाव जुळवून पाहत नाही; ते त्याचं काम नाही आणि बहुतेक वेळा त्याला चेहरा माहीतही नसतो. निवेदिकेच्या कानात त्याच वेळी टॉकबॅकवर दिग्दर्शक पुढच्या बातमीचे सेकंद मोजत असतो. या साखळीत ओळख पटवण्याची जागा एकच आहे, आणि ती म्हणजे दाराशी पहिल्यांदा नाव विचारणारा माणूस. तिथे चूक झाली की पुढचे सगळे आपापलं काम बरोबर करत चुकीच्या माणसाला ऑन एअर घेऊन जातात.

मी ज्या चॅनलमध्ये होतो तिथे एकदा असंच होता होता राहिलं. सोयाबीनच्या भावावर बोलायला एक देशपांडे यायचे होते, आणि त्याच वेळी खाली दुसरे देशपांडे आपल्या दुकानाच्या जाहिरातीचं बोलायला येऊन बसले होते. गेस्ट कोऑर्डिनेटर नवा होता. त्याने खाली जाऊन “देशपांडे सर आपणच ना?” असं विचारलं, आणि त्यांनी अर्थातच हो म्हटलं. मेकअपच्या खुर्चीत त्यांनी “दर किती पडेल?” असं विचारलं, तेव्हा मेकअपवाल्या ताईंनी वर फोन केला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: पाहुण्याला नाव सुचवायचं नाही, “आपलं पूर्ण नाव आणि कशासाठी आलात?” असं त्यालाच बोलू द्यायचं. घाईत बसलेला माणूस आपल्या नावासारखं काहीही ऐकलं की हो म्हणतो. सभ्य माणूस तर नक्कीच म्हणतो.

आता पुराव्याकडे. पहिला पुरावा चित्रफीत, आणि ती मिळते. पण ती कशाची साक्ष देते हे नीट समजून घ्या. पट्टीवर क्यूनींचं नाव दिसतं, म्हणजे नियंत्रण कक्षाला तो क्यूनी वाटत होता एवढंच सिद्ध होतं. समोर कोण बसलंय हे पट्टी सांगत नाही. लोक नेमके इथे फसतात. एखाद्या गाजलेल्या क्लिपमध्ये पट्टीवर जे लिहिलंय ते खरं धरतात, किंवा क्लिपवर कोणी नंतर चिकटवलेला मथळा खरा धरतात. यूट्यूबवर दिसणारी तारीखही क्लिप चढवल्याची असते, प्रसारणाची नाही. प्रसारणाची तारीख आतल्या मजकुरावरून ठरवावी लागते. इथे ते सोपं आहे, कारण निवेदिका कॅरन बोवरमन आजच्या निकालाबद्दल विचारतात आणि निकालाची तारीख न्यायालयाच्या नोंदीत पक्की आहे.

चेहऱ्याकडेही पाहा. निवेदिका त्याची ओळख गाय क्यूनी म्हणून करून देते त्या क्षणी त्याचे डोळे मोठे होतात, तोंड किंचित उघडतं, मग तो स्वतःला सावरतो. लोक ही क्लिप त्या चेहऱ्यासाठीच पाहतात. पण चेहऱ्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं, कारण हुशार नट तेही करतो. मला त्याचे शब्द जास्त मोलाचे वाटतात, आणि टॅक्सीचा प्रश्न तेच सोडवतात.

पहिला प्रश्न असा की, या निकालाचं आपल्याला आश्चर्य वाटलं का? गोमा मोडक्या इंग्रजीत म्हणतो की हा निकाल माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, मी आलो तेव्हा मला दुसरंच काही सांगितलं होतं, तुमची मुलाखत आहे एवढंच म्हणाले, त्यामुळे मोठं आश्चर्य आहे. निवेदिकेला हे निकालाबद्दलचं आश्चर्य वाटतं आणि ती पुढे जाते. आपण सावकाश ऐकलं तर तो खरं सांगून मोकळा झालेला आहे. ‘मला मुलाखत आहे असं सांगितलं’ हे वाक्य प्रवाशाला न्यायला आलेला टॅक्सीवाला म्हणणार नाही. नोकरीसाठी आलेला उमेदवार म्हणेल. पुढच्या प्रश्नांना तो इंटरनेटवरून लोक हवं ते उतरवून घेतात, सायबर कॅफेत गेलं की सोपं पडतं, अशी सर्वसाधारण उत्तरं देतो. ती ठोकून दिलेली नाहीत. संगणकाच्या कामासाठी आलेल्या माणसाला जेवढं माहीत असेल तेवढीच आहेत.

मग टॅक्सीवाला आला कुठून? गोष्टीत चुकीचा तुकडा सापडला की तिथेच थांबू नका, तो कुठून आत शिरला हे शोधा. ते सापडलं की तुमचं उत्तर पक्कं होतं. क्यूनींनी आपल्या ब्लॉगवर हा प्रसंग लिहिला आणि त्यानंतर वृत्तपत्रांनी तो उचलला. पण सुरुवातीला त्या अनोळखी माणसाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. स्टुडिओच्या दाराशी पाहुण्याला न्यायला टॅक्सी येते, म्हणून तो टॅक्सीवाला असावा, असा अंदाज सुरुवातीच्या बातम्यांत छापला गेला. थोड्याच दिवसांत बीबीसीने तो माणूस शोधला, त्याचं नाव जाहीर झालं आणि गोमाने स्वतः येऊन आपण नोकरीसाठी गेलो होतो हे सांगितलं. दुरुस्ती छापली गेली, पण तोवर पहिली आवृत्ती जगभर पोचली होती. टॅक्सीवाला तज्ज्ञ झाला, ही गोष्ट सांगायला जास्त मजेशीर आहे, म्हणून ती टिकली. आजही जी बातमी टॅक्सीवाला लिहिते ती एकतर पहिल्या आठवड्यातली असते किंवा तिच्यावरून उतरवलेली.

म्हणून तारखेचा क्रम लावणं हा सगळ्यात उपयोगी उद्योग आहे. शोध घेताना तारखेची मर्यादा घाला, मे २००६ पुरतंच पाहा, आणि बातम्या तारखेप्रमाणे मांडा. तुम्हाला दिसेल की टॅक्सी आधी येते आणि नोकरीचा उमेदवार नंतर. नंतरच्या बातम्यांमागे त्या माणसाचं स्वतःचं नाव आणि म्हणणं आहे, आधीच्यांमागे कोणाचंच नाही. क्रम उलटा असता, म्हणजे आधी उमेदवार आणि पुष्कळ वर्षांनी टॅक्सी, तर मीही वेगळा विचार केला असता.

नोकरीचा तुकडा लवकर संपतो. स्टुडिओतून सुटल्यावर गोमा आपल्या खऱ्या मुलाखतीला गेला, ती थोडक्यात आटोपली आणि त्याची निवड झाली नाही. मामांना हा शेवट आवडणार नाही हे मला माहीत आहे. अशा गोष्टींचा शेवट सांगणारे गोड करतात, म्हणून शेवटाकडे नेहमी जास्त संशयाने पाहावं.

आता ताईचा मुद्दा, ठरवून केलं का? शंका योग्य आहे, कारण गाजलेल्या ‘चुका’ बनवल्या गेल्याची उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर रेडिओवर अंकल डॉन या नावाने मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदकाची गोष्ट अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. माइक बंद झाला असं समजून तो मुलांना शिवी देऊन गेला आणि त्याची नोकरी गेली, अशी ती गोष्ट. लोक ध्वनिमुद्रिकाही पुढे करतात. पण ती १९५० च्या दशकात कर्मिट शेफर या माणसाने प्रसारणातल्या चुकांच्या ज्या लोकप्रिय रेकॉर्ड काढल्या त्यांतली आहे, आणि शेफर काही चुका नटांकडून नव्याने बोलवून घेत असे. अंकल डॉनचा कार्यक्रम १९२८ ते १९४७ असा सलग चालला, त्यामुळे हाकलून दिल्याचा भागही जुळत नाही. हीच गोष्ट मी आपल्याकडे वेगवेगळ्या शहरांच्या रेडिओ केंद्रांच्या नावाने ऐकली आहे, प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या ओळखीच्या कोणीतरी ती ‘स्वतः ऐकलेली’. गोष्ट तीच आणि गाव बदलत जात असेल तर समजा की ती कुठेच घडलेली नसावी. मात्र एक लक्षात ठेवा: ऐकणारा खोटं बोलत असतो असं नाही. पुष्कळदा त्याने ती रेकॉर्ड ऐकलेली असते आणि काही वर्षांनी ती आठवणीत थेट प्रसारण होऊन बसते.

बीबीसीची क्लिप या कसोटीला लावून पाहा. गोमाची गोष्ट गावोगाव फिरत नाही. ती एका तारखेला, एका वाहिनीवर, एका खटल्याशी बांधलेली आहे. ज्याचं नुकसान झालं तो माणूस, म्हणजे क्यूनी, बीबीसीचा नोकर नव्हता आणि त्याने स्वतंत्रपणे, लगेच, लिहून ठेवलं. बीबीसीची यात शोभा झाली आणि तिने चूक मान्य केली. ठरवून करायचं असतं तर न्यायालयाचा निकाल त्या सकाळी लागेल, एकाच स्पेलिंगचे दोघे त्याच वेळी इमारतीत असतील आणि बाहेरचा पत्रकार नाटकात सामील होईल, एवढं सगळं जुळवावं लागलं असतं. मला त्या बाजूने एकही पुरावा दिसत नाही.

उलटी चूकही करू नका. क्लिप मिळाली नाही म्हणून गोष्ट खोटी, असं म्हणता येत नाही. अमेरिकेत ‘न्यूलीवेड गेम’ या कार्यक्रमातल्या एका स्त्रीच्या बेधडक उत्तराची गोष्ट वर्षानुवर्षं फिरत होती. सूत्रसंचालक बॉब यूबँक्स ती घडलीच नाही असं ठामपणे सांगत आणि कोणी दाखवून दिल्यास पैसे देईन असंही म्हणत. शेवटी १९७७ च्या भागाची फीत सापडली आणि उत्तर त्यात होतं, फक्त लोक सांगत ते शब्द नेमके तसे नव्हते. खुद्द खुर्चीत बसलेल्या माणसाची आठवणही पुरावा म्हणून कच्ची असते, हे मी यातून घेतो. सूत्रसंचालक एकामागून एक शेकडो भाग करतो. त्याला एक उत्तर आठवलं नाही तर नवल नाही.

आपल्याकडच्या चॅनलवरची एखादी घसरण तपासायची असेल तर वेळ फार महत्त्वाची. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अटींप्रमाणे उपग्रह वाहिन्यांना प्रसारित झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. सर्व्हरवर प्रसारण रेकॉर्ड करणारा लॉगर चोवीस तास चालू असतो आणि जागा भरली की जुनं पुसलं जातं. म्हणजे तीन महिन्यांत कोणी तक्रार केली, बातमी केली किंवा कोणी घरी रेकॉर्ड केलं तरच पुरावा उरतो. जुन्या काळी तर टेप महाग असल्याने त्याच टेपवर पुन्हा रेकॉर्ड करण्याची पद्धत जगभर होती, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लाइव्ह बातम्यांबद्दल ‘फीत दाखवा’ असा हट्ट धरणं निरर्थक आहे. तिथे त्या आठवड्याचं वर्तमानपत्र पाहावं लागतं. इंदूरची गोष्ट असेल तर ‘नई दुनिया’ची त्या दिवसांची फाइल जिथे मिळेल तिथे उघडा, गावात चर्चा झालेली चूक स्थानिक पानावर किंवा वाचकांच्या पत्रांत बहुधा दिसतेच.

२०१४ चं उदाहरण मला यासाठी आवडतं. त्या सप्टेंबरमध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग भारतात आले असताना दूरदर्शनच्या बातम्यांत निवेदिकेने त्यांचं नाव ‘इलेव्हन जिनपिंग’ असं वाचलं. प्रॉम्प्टरवर इंग्रजीत `XI` असं दिसलं की थकलेल्या डोळ्यांना ते रोमन अंकातले अकरा वाटू शकतात. आमच्याकडे म्हणूनच परदेशी नावं प्रॉम्प्टरवर देवनागरीत, उच्चाराप्रमाणे टाइप करून घेत. ही गोष्ट अनेकांना विनोदच वाटते. पण दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांनीच वृत्तसंस्थेकडे ती मान्य केली आणि निवेदिकेवर कारवाई केल्याचं सांगितलं, आणि ते त्याच दिवसांत छापून आलं. ज्या संस्थेची नाचक्की होते तीच कबुली देते, तेव्हा क्लिप हाताशी नसली तरी मी ती खरी धरतो.

बीबीसीच्या गोष्टीत एक भाग मात्र कायम कच्चा राहील. स्वागतकक्षात निर्मात्याने नेमके कोणते शब्द वापरले, गोमाने पूर्ण नाव ऐकलं की फक्त पहिलं, याचं रेकॉर्डिंग नाही. तो भाग संबंधितांच्या सांगण्यावरच उभा आहे. म्हणून मामांना सांगताना मुलाखत, तारीख, माणूस आणि नोकरी न मिळणं एवढं ठामपणे सांगा, आणि दाराशी काय बोलणं झालं ते ‘असं सांगतात’ म्हणूनच सांगा. ताईला पहिल्या उत्तरातलं ‘मुलाखत आहे एवढंच म्हणाले’ हे वाक्य दोनदा ऐकवा.